‘यांपैकी एकही नाही’

ऑफिसच्या बसमध्ये मला रोज पन्नास मिनिटं मिळतात. त्यातली निम्मी मी आयनॅचरलिस्टवर घालवतो. जगभरातली माणसं तिथे प्राण्यांचे, पक्ष्यांचे, झाडांचे, किड्यांचे फोटो टाकतात आणि माझ्यासारखे हौशी लोक ते ओळखायला मदत करतात. माझी धाव पश्चिम महाराष्ट्रातल्या पक्ष्यांपर्यंत आणि सस्तन प्राण्यांपर्यंत. कोळी आणि गवतं यांच्या वाटेला मी जात नाही.

फोटोंच्या या रांगेत अधूनमधून असे पाहुणे येतात, ज्यांच्या अंगात जीव नसतो. बागेतलं सिमेंटचं चितळ. हॉटेलच्या कारंज्यापाशी उभा केलेला प्लास्टिकचा बगळा. कुणाच्या तरी मुलाने दुधाच्या दाताएवढ्या नेटाने रंगवलेला वाघ. दुकानातली रबरी पाल. टाकणारा कधी गंमत म्हणून टाकतो, कधी अ‍ॅप शिकताना समोर जे दिसेल त्यावर कॅमेरा धरतो, आणि कधी खरंच त्याला लांबून ते जनावर वाटलेलं असतं. बारावीपर्यंत जीवशास्त्र आणि पुढे इंजिनीअरिंग केलेल्या माझ्यासारख्या माणसाला यात रस वाटावा असं काय आहे? तर त्या फोटोखाली अ‍ॅपने सुचवलेलं नाव. बगळ्याखाली बगळा, चितळाखाली चितळ, पालीखाली पाल. नाव बहुतेकदा बरोबर असतं. शिल्पकाराच्या मनात जो प्राणी होता तोच यंत्राने ओळखलेला असतो.

म्हणजे यंत्र चुकलं म्हणायचं की नाही? माझ्या मते त्याने विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलंय. प्रश्नच वेगळा होता. आपण विचारतो, ‘इथे कोणता प्राणी आहे?’ आणि त्याला ऐकू येतं, ‘तुला माहीत असलेल्या नावांपैकी हे चित्र कशासारखं दिसतं?’ या दोन प्रश्नांमध्ये जी फट आहे, त्यातूनच पुतळे, खेळणी, चित्रं आणि हल्ली यंत्राने बनवलेले फोटो आत शिरतात.

ही फट कुठे आहे ते नीट बघू. परीक्षेतला बहुपर्यायी प्रश्न आठवा. चार पर्याय, आणि ‘यांपैकी एकही नाही’ हा पाचवा पर्याय छापलेलाच नाही. अशा पेपरात प्रश्न पूर्णपणे अभ्यासक्रमाबाहेरचा आला तरी तुम्हाला एका गोळ्यावर काळं करावंच लागतं. प्रजाती ओळखणारं मॉडेल बहुतेकदा असाच पेपर सोडवतं. त्याला हजारो प्रजातींची नावं शिकवलेली असतात. फोटो आला की ते प्रत्येक नावाला एक कच्चा गुण देतं आणि शेवटी सॉफ्टमॅक्स नावाचं एक छोटं गणित या गुणांचं टक्केवारीत रूपांतर करतं. टक्क्यांची बेरीज शंभर झालीच पाहिजे. ‘सिमेंट’ या नावाला त्या शंभरातला वाटाच नाही, कारण सिमेंट ही प्रजाती नाही.

ते गणित एवढंच आहे:

```
import math

def softmax(z):
    e = [math.exp(x) for x in z]
    return [round(x / sum(e), 2) for x in e]

print(softmax([2, 1, 0]))
print(softmax([12, 11, 10]))
```

समजा तीन नावं आहेत: बिबट्या, चित्ता, रानमांजर. पहिल्या फोटोत त्यांना कच्चे गुण मिळाले 2, 1 आणि 0. म्हणजे तिन्ही नावांबद्दल मॉडेलकडे सांगण्यासारखं फार काही नाही. दुसऱ्या फोटोत मिळाले 12, 11 आणि 10. म्हणजे तिन्हींसाठी पुरावा चांगला भक्कम आहे. चालवून बघा, दोन्ही ओळींचं उत्तर एकच येतं: 0.67, 0.24, 0.09. सॉफ्टमॅक्सला फक्त गुणांमधला फरक दिसतो, गुण मुळात किती होते ते तिथे पुसलं जातं. आपल्या स्क्रीनवर दोन्ही वेळा ‘बिबट्या, 67 टक्के’ असंच येणार. त्या 67 टक्क्यांचा अर्थ ‘हा बिबट्या असण्याची शक्यता 67 टक्के’ असा नाही. ‘या तिघांतूनच निवडायचं असेल तर बिबट्या’ एवढाच तो आहे.

सगळीच अ‍ॅप्स इतकी भोळी नसतात. काही जण ठरावीक उंबरठ्याखालचं उत्तर दाखवतच नाहीत, काही जण प्रजातीऐवजी वरच्या गटाचं नाव सांगून थांबतात. आयनॅचरलिस्ट सुचवलेल्या नावाखाली `Visually Similar` असं लिहितं, म्हणजे दिसायला सारखं. इतका प्रामाणिक शब्द क्वचितच कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये सापडतो, पण तो बारीक करड्या अक्षरांत असतो आणि आपण वाचत नाही. त्याच्याच शेजारी कधी `Expected Nearby` असतं. ते वाचून लोकांना धीर येतो: बघा, या भागात सापडतोसुद्धा! पण ही दुसरी खूण फोटोबद्दल काहीच बोलत नाही, ती जागेबद्दल बोलते. ताडोब्याच्या गेटबाहेरच्या दुकानातल्या कापडी वाघाचा फोटो काढला, तरी जागा ताडोब्याचीच असणार.

आता पुतळ्याकडे येऊ. सिमेंटचं चितळ आणि खरं चितळ यांच्यात आपल्याला एवढा फरक दिसतो, मग यंत्राला का दिसू नये? 2019 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराचा फोटो घ्यायचा, आकार मांजराचाच ठेवायचा, पण अंगावर हत्तीच्या कातडीचा पोत चढवायचा. माणसांना विचारलं तर ती म्हणतात, मांजर. तेव्हाच्या नेहमीच्या मॉडेलने म्हटलं, भारतीय हत्ती. ही मॉडेल्स एकूण आकारापेक्षा पोताकडे, म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांतल्या नक्षीकडे जास्त लक्ष देतात, असं त्यातून दिसलं. जंगलातल्या फोटोंसाठी ही सवय वाईट नाही. प्राणी अर्धा झुडपात असतो, पाठमोरा असतो, तेव्हा ठिपक्यांवरूनच ओळखावा लागतो.

पण मूर्तिकार नेमके हेच तुकडे घासूनपुसून देतो. खऱ्या चितळाच्या अंगावर धूळ असते, सावली असते, केस उभे राहिलेले असतात. त्यात निम्मे ठिपके हरवतात. बागेतल्या चितळावर पेंटरने प्रत्येक ठिपका पांढऱ्याशुभ्र ऑइलपेंटने दिलेला असतो. गिऱ्हाइकाला लांबून कळलं पाहिजे की हे हरीण आहे, तेच त्याचं काम. ओळखीची खूण ठळक करणं हा त्याचा धंदा आणि ओळखीच्या खुणा वेचणं हा मॉडेलचा. दोघांचं जमणारच. म्हणूनच न रंगवलेल्या काळ्या दगडातल्या नंदीपाशी अ‍ॅप बहुधा गोंधळतं, आणि चकचकीत रंगवलेल्या मोरापाशी मात्र छाती फुगवून ‘मोर’ म्हणतं.

या ठळकपणातच पुतळा पकडायची पहिली युक्ती आहे. ज्याला ओळख पटवायची घाई असते तो खुणा एकत्र करताना भेसळ करतो. हॉटेलांसमोरचे प्लास्टिकचे बगळे बघा. पिवळी चोच, लांब वळणदार मान, आणि पावलांपर्यंत पिवळेजर्द पाय. आपल्याकडच्या मोठ्या बगळ्याची चोच पिवळी असते, पण पावलं काळी. पिवळी पावलं असतात छोट्या बगळ्याची, आणि त्याची चोच असते काळी. कारखान्यातल्या साच्याने दोघांतलं उजळ उजळ घेतलं. अ‍ॅप यातलं एक नाव निवडेल. तुम्ही मात्र असं विचारा, की या अंगावरच्या सगळ्या खुणा एकाच प्रजातीच्या आहेत का? नुसती एखादी खूण जुळणं आणि एकही खूण विरोधात नसणं, यात खूप अंतर आहे.

दुसरी युक्ती डोळ्यांची. जिवंत डोळा ओला असतो. त्यात आकाशाचं, खिडकीचं किंवा दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि ते जिथे उजेड असेल त्याच बाजूला असतं. पुतळ्याच्या डोळ्यात पेंटर कुंचल्याने पांढरा ठिपका देतो, दोन्ही डोळ्यांत एकाच जागी. सूर्य डावीकडे आणि ठिपका उजवीकडे असं दिसलं की समजायचं. उरलेल्या खुणा शोधायला फार बुद्धी लागत नाही, झूम करायचा धीर लागतो: पोटाखालून गेलेली साच्याची शिवण, पायाखालचा चौथरा, कानाच्या टोकाला उडालेला रंग आणि त्याखालचा करडा गिलावा. छापील चित्राचा फोटो असेल तर जवळून रंगांचे बारीक ठिपके दिसतात, कागदाची घडी दिसते किंवा गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइटचा पट्टा चमकतो. स्क्रीनवरून काढलेल्या फोटोत पाण्यावर तेल पसरावं तसे रंगीत पट्टे येतात, कारण स्क्रीनची जाळी आणि कॅमेऱ्याची जाळी एकमेकींवर नीट बसत नाहीत.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हा यंत्राचा आणि नवशिक्यांचा घोटाळा आहे, जाणकारांना असं होत नाही. म्हणून गॉब्लिन शार्कची गोष्ट सांगतो.

गॉब्लिन शार्क हा खोल समुद्रातला मासा. लांब चपटं नाक, आणि भक्ष्य पकडताना तोंडातून पुढे झेपावणारा जबडा. दिसायला इतका विचित्र की एकदा चित्र पाहिलं की विसरत नाही. भूमध्य समुद्रात तो कधीच सापडला नव्हता. ऑगस्ट 2020 मध्ये ग्रीसच्या अनाफी बेटावरच्या किनाऱ्यावर एका माणसाला काहीतरी पडलेलं दिसलं, त्याने फोटो काढला. फोटो एकच. फोटोत मोजायला काही नाही, ना चप्पल ना नाणं. मासा कुणी उचलून ठेवला नाही. हा फोटो पुढे संशोधकांकडे गेला आणि 2022 मध्ये भूमध्य समुद्रातल्या दुर्मीळ प्रजातींच्या नव्या नोंदींचा जो लेख एका शोधपत्रिकेत आला, त्यात गॉब्लिन शार्कची पहिली नोंद म्हणून छापला गेला. लांबी अंदाजे 80 सेंटिमीटर.

दुसऱ्या शार्क अभ्यासकांना फोटो पटला नाही. त्यांनी त्याच पत्रिकेत आक्षेप लिहून पाठवले. कल्ल्यांच्या फटींची संख्या जुळत नाही. पर फार गोलसर आहेत. नाक आणि जबडा मेलेल्या माशाच्या मानाने फारच ताठ. मोजमापासाठी काहीच नाही. त्यातच बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या गॉब्लिन शार्कचे फोटो लोकांनी शेजारी ठेवून दाखवले, आणि दोघांचं साम्य अस्वस्थ करणारं होतं. मूळ लेखकांनी फोटो काढणाऱ्याला पुन्हा विचारलं. आता लांबी निघाली 17 ते 20 सेंटिमीटर. मग त्यांनी मांडलं की हा पोटातून अकाली बाहेर पडलेला गर्भ असेल. पण आजवर सापडलेली सगळ्यात लहान गॉब्लिन शार्कसुद्धा ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास लांब आहे. शेवटी मार्च 2023 मध्ये लेखकांनी ही नोंद मागे घेतली. ते खेळणंच होतं हे सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही, कारण वस्तूच हातात नाही. पण तो मासा होता हेही कुणी दाखवू शकलं नाही, आणि दाखवण्याची जबाबदारी नोंद करणाऱ्यावर असते.

या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग मला 80 आणि 17 या दोन आकड्यांमध्ये दिसतो. त्याच फोटोतली तीच वस्तू एकदा हातभर लांब ठरते आणि एकदा वीतभर. फोटोला स्वतःची मोजपट्टी नसते. वाळूचा कण केवढा, गोटा केवढा, हे आपण मनाने धरतो आणि मग प्राण्याला त्या मापात बसवतो. खेळणं फोटोत खपतं ते मुख्यतः याच कारणाने. जाणकारांची नजरही त्या आकारात सवयीचं माप भरते. मॉडेलला तर मापाची कल्पनाच नसते, कारण त्याच्यापुढे येणारा प्रत्येक फोटो आधी एका ठरावीक चौकोनात बसवलेला असतो. त्यात वाघ आणि वाघाची कीचेन सारख्याच आकाराची.

कारखान्यातल्या साच्याला निदान काही सवयी असतात. यंत्राने बनवलेल्या फोटोला त्याही नसतात. शिवण नाही, चौथरा नाही, उडालेला रंग नाही. आणि तो आपल्या घराच्या दारात येऊन उभा राहतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री पावणेअकराला एक फोटो आला. मागच्या कुंपणभिंतीला लागून बिबट्या चाललाय, मागे आमचाच वॉचमनचा केबिन, आमचाच विजेचा खांब. पुण्याच्या कडेला राहणाऱ्यांना हे अशक्य वाटत नाही, आणि वाटूही नये. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत उसात बिबटे राहतात, पिल्लं वाढवतात. माणसंही दगावली आहेत. पाच मिनिटांत चाळीस मेसेज. कुणीतरी फोटो अ‍ॅपमध्ये टाकून स्क्रीनशॉट पाठवला: `Panthera pardus`. त्याखाली सेक्रेटरीकाकांचा मेसेज, ‘अ‍ॅपनेही कन्फर्म केलंय. मुलांना खाली पाठवू नका.’

मी काकांना फोन केला. म्हटलं, “काका, मुलांना खाली पाठवू नका हे बरोबरच आहे. पण अ‍ॅपने कन्फर्म केलेलं नाही. फोटोत बिबट्याचं चित्र आहे एवढंच ते सांगतंय.”

“अरे, पण चित्र कसं असेल? मागे आपली भिंत दिसते ना!”

काकांचं बरोबर होतं, भिंत आमचीच होती, आणि घबराट त्यामुळेच होती. पूर्वी खोट्या फोटोत प्राणी खरा असायचा आणि जागा खोटी: कुठल्यातरी राज्यातला जुना फोटो ‘आपल्याकडचा’ म्हणून फिरायचा. असा फोटो उलट्या शोधाने, म्हणजे गूगल लेन्ससारख्यात टाकून, पकडता यायचा. आता जागा खरी आणि प्राणी खोटा. कुणीही आपल्या अंगणाचा फोटो देऊन त्यात बिबट्या घालून घेऊ शकतो. हा फोटो आधी कुठेच नसतो, त्यामुळे उलट्या शोधात काहीच सापडत नाही.

आम्ही काय तपासलं ते क्रमाने सांगतो. सगळ्यात आधी फाइलचं नाव. `IMG-` मग तारीख, मग `-WA0031.jpg`. यातली तारीख पाहून दोघातिघांनी ‘आजचाच आहे’ म्हटलं होतं. पण व्हॉट्सअ‍ॅप हे नाव स्वतः देतं, आणि ती तारीख फोटो फोनवर आला त्या दिवसाची असते, काढला त्या दिवसाची नसते. कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात लिहिलेली वेळ आणि जागाही व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवताना गळून जाते. म्हणून फाइलमधली माहिती कोरी असणं हा काही खोटेपणाचा पुरावा नव्हे; ती खऱ्या फोटोचीही कोरीच येते. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवली तरच काही कळतं. मी ग्रुपवर विचारलं, कुणी काढला? ज्याने टाकला त्याला मेहुण्याकडून आला होता, मेहुण्याला दुसऱ्या ग्रुपवरून. तिथे धागा संपला. घाबरलेला माणूस एकच फोटो काढून थांबत नाही, तो चार काढतो, त्यातले तीन हललेले असतात. इथे एकच होता, आणि तो अगदी नीट.

मग मापं. गॉब्लिन शार्कच्या फोटोत जे नव्हतं ते इथे होतं: आमची भिंत सिमेंटच्या ब्लॉकची आहे, गिलावा न केलेली. एक ब्लॉक 8 इंच उंच, म्हणजे साधारण 20 सेंटिमीटर. फोटोतल्या बिबट्याचे पाय भिंतीच्या अगदी बुडाशी होते आणि खांदा साडेसहाव्या थराला लागत होता. हिशेब करा: 130 सेंटिमीटर. बिबट्याची खांद्यापर्यंतची उंची असते साठ-सत्तर सेंटिमीटर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या थरापर्यंत. प्राणी भिंतीपासून बराच अलीकडे, कॅमेऱ्याजवळ असता तर मोठा दिसला असता. पण मग पाय भिंतीच्या बुडाशी न दिसता फोटोत खाली दिसले असते. चित्र बनवणाऱ्याला बिबट्या ‘भीती वाटेल एवढा’ हवा होता. भिंतीला ते माहीत नव्हतं.

त्यानंतर अंगावरची नक्षी. खऱ्या बिबट्याच्या पाठीवर आणि कुशीवर तुटक कड्यांसारखे पुंजके असतात. डोकं आणि पाय यांच्यावर भरीव ठिपके. प्रत्येक बिबट्याची नक्षी वेगळी, डावी कूस उजवीसारखी नसते, आणि कॅमेरा ट्रॅपवाले अभ्यासक याच नक्षीवरून एकेक बिबट्या मोजतात. आमच्या फोटोतली कडी खांद्यापासून पंजापर्यंत वॉलपेपरसारखी एकाच मापाची उतरत गेली होती, आणि दोन-तीन कड्यांच्या मधोमध ठिपका होता. कड्यात ठिपका असतो तो दक्षिण अमेरिकेतल्या जॅग्वारच्या. प्लास्टिकच्या बगळ्याचीच ही भेसळ, फक्त साचा बदललेला.

शेवटची खूण केबिनवरच्या पाटीची. आमच्या पाटीवर ‘सुरक्षा कक्ष’ लिहिलंय. फोटोत लांबून तसंच वाटत होतं, झूम केल्यावर शिरोरेषा होती आणि तिच्याखाली अक्षरांसारखं काहीतरी लोंबत होतं. अशी साधनं बरेचदा प्राण्यापुरतीच ढवळाढवळ करत नाहीत, अख्खं चित्र पुन्हा रंगवतात, आणि त्यात बारीक देवनागरी मोडते. खिडकीतून आमच्या एका शेजाऱ्याने त्याच कोनातून फोटो काढला. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं की भिंतीवरून जाणारा पाण्याचा पाइप फोटोत नाहीच, आणि खांबावरच्या दिव्याच्या उजेडात भिंतीवर पडायला हवी ती बिबट्याची सावलीही नाही.

या खुणांवर कायमचा भरवसा ठेवू नका, असं मी ग्रुपवरही लिहिलं. बोटं चुकतात, अक्षरं मोडतात, ही यंत्रांची दुखणी दर वर्षी बरी होत चालली आहेत. पुढच्या हिवाळ्यातल्या फोटोत पाटी शुद्ध मराठीत असेल. मापाचा हिशेब, त्याच जागेवरून काढलेला दुसरा फोटो, आणि ‘कुणी काढला?’ हा प्रश्न, हे तिन्ही जास्त टिकतील, कारण ते चित्राच्या बाहेरच्या जगाला धरून आहेत. आणि तिन्हींपैकी एकही जमत नसेल, तर एकट्या फोटोवरून ‘खरा’ही म्हणता येत नाही आणि ‘खोटा’ही.

खोटा म्हणण्याची घाई तर जास्त महागात पडू शकते. फोटो खोटा ठरला म्हणून भिंतीपलीकडे बिबट्या नाही असं होत नाही. त्यामुळे आम्ही वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला कळवलं, पण सरळ सांगितलं की फोटो बनावट वाटतोय, प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नाही. सकाळी एक वनरक्षक येऊन भिंतीमागची ओली माती बघून गेले. कुत्र्यांच्या पावलांखेरीज काही नव्हतं. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, हे त्यांनी आम्हाला उकिडवं बसून दाखवलं.

मी त्यांना विचारलं, “दादा, असे कॉल फार येतात का?”

“येतात ना सर. जावं तर लागतंच. तुम्ही सांगितलं की कुणी पाहिलेलं नाही, म्हणून मी सकाळी आलो. नाहीतर रात्रीच गाडी आली असती, आणि गाडी एकच आहे. तेवढ्यात दुसरीकडे खरा निघाला तर?”

आयनॅचरलिस्टवर प्रत्येक नोंदीच्या खाली एक छोटी यादी असते. त्यात एक प्रश्न आहे `Evidence of organism`, म्हणजे इथे सजीवाचा पुरावा आहे का. सिमेंटचं चितळ, रबरी पाल, बनवलेला बिबट्या यांना तिथे ‘नाही’ असं मत देता येतं. मग ती नोंद संशोधनासाठी वापरायच्या नोंदींत जात नाही. पिंजऱ्यातल्या वाघाचं तसं नाही, तो सजीव आहे, फक्त रानातला नाही. त्याच्यासाठी वेगळा प्रश्न आहे. पायाचा ठसा, पीस, विष्ठा यांच्या फोटोत प्राणी दिसत नाही, तरी ‘पुरावा आहे’ असंच उत्तर द्यायचं. हा फरक समजला की सगळं समजतं. चिखलातला धूसर ठसा प्राण्यासारखा अजिबात दिसत नाही, पण तो उमटायला प्राणी तिथे यावा लागतो. पुतळा हुबेहूब दिसतो, आणि त्याला प्राणी यावा लागत नाही.

हे मत देणं जरुरीचं आहे, कारण माणसांनी तपासून ठेवलेल्या फोटोंवरच पुढचं मॉडेल शिकतं. सिमेंटचं चितळ ‘चितळ’ म्हणून त्यात राहिलं, तर पुढच्या वेळी यंत्र सिमेंटलाही चितळाचंच लक्षण धरेल. ‘यांपैकी एकही नाही’ हा पर्याय यंत्राच्या पेपरात छापलेला नाही. तो सध्या आपल्यालाच हाताने लिहावा लागतो, एकेका फोटोखाली.